दोन नंबरचा पाय घेऊन इंग्लंडला येताना

भारतात ज्यांना दोन किंवा तीन नंबरचे बूट लागतात, त्या बायकांना इथे आल्यावर पहिली अडचण येते ती चपलांच्या दुकानात. इथल्या बहुतेक दुकानांत बायकांचे नंबर तीनपासून सुरू होतात, बऱ्याच ठिकाणी चारपासून. तीनचा एखादाच जोड आलेला असतो आणि तो लगेच संपतो. मग थंडीत एक नंबर मोठा बूट घ्यायचा, पुढे कापूस कोंबायचा आणि त्यात टाच घसरवत चालायचं, असं नव्याने आलेल्या कितीतरी जणी करतात. तसं करू नका. बोटं दर पावलाला बूट पकडून ठेवायला धडपडतात, टाचेला फोड येतात आणि ओल्या फुटपाथवर पाय सटकतो.

तुम्हाला सोयीची गोष्ट अशी की भारतातले नंबर ब्रिटिश पद्धतीवरच बेतलेले आहेत. शिवाय ब्रिटिश पद्धतीत लहान मुलांचे आणि मोठ्यांचे नंबर एकाच पट्टीवर चालतात. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात, मग पुन्हा एकपासून सुरू होतात आणि तेच पुढे मोठ्यांचे होतात. म्हणजे मुलांच्या विभागातला दोन नंबर आणि बायकांचा दोन नंबर यांची लांबी साधारण सारखीच. एका नंबरामागे लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटरने वाढते. अमेरिकी नंबर मात्र वेगळे असतात आणि तिथे मुलांची व बायकांची पट्टीही एक नाही. त्यामुळे खेळाच्या बुटांवर दोन-तीन देशांचे नंबर छापलेले असतील तर ‘यूके’ कुठला आहे ते आधी बघा.

पण नंबरावर विसंबून ऑर्डर देण्याआधी पाय मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जे मोजे बुटात घालणार तेच घाला, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभ्या राहा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन द्या. सगळ्यात पुढे असलेल्या बोटापाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

माझी भाचेसून कोल्हापूरहून लेस्टरला आली तेव्हा तिचा डावा पाय २१.२ सेंटिमीटर भरला, उजवा २१.६. चालताना पाय पुढे सरकतो, म्हणून मोठ्या पायापुढे आठ ते दहा मिलिमीटर मोकळे हवेत. म्हणजे बुटाची आतली लांबी साधारण साडेबावीस सेंटिमीटर. एक नंबरचा बूट आतून सुमारे बावीसचा, तो तोकडा. दोन नंबरचा तेवीसच्या जरा आत, तो बरोबर. युरोपियन नंबरात हा चौतीस. तीन नंबरचा घेतला असता तर जवळजवळ सेंटिमीटरभर जास्तीची जागा राहिली असती. आणि दोन नंबर जवळच्या दुकानांत फक्त मुलांच्या कप्प्यात होता.

आता मुलांचा बूट मोठ्या बाईने घालावा का? लांबी जमली तरी घडण वेगळी असते. मुलांच्या बुटाचा चवडा ऐसपैस आणि गोल असतो, टाच मात्र बायकांच्या बुटाइतकी निमुळती नसते. लहानपणापासून चपला घालून किंवा अनवाणी वाढलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणींचा चवडा पसरट असतो, त्यांना हा गोल आकार बायकांच्या टोकदार बुटापेक्षा चांगला बसतो. अडचण टाचेशी येते, म्हणून तिथे नाडी किंवा पट्टा असलेला बूटच घ्या. नुसता सरकवून घालायचा घेऊ नका, तो टाचेतून निघत राहतो. माझ्या भाचेसुनेने काळे नाडीचे, साध्या चामड्याचे शाळेचे बूट घेतले. ऑफिसात ते कुणाला शाळेचे वाटत नाहीत.

दुसरा फरक सोलमधला. तो मुलाच्या वजनासाठी केलेला असतो. तीस किलोच्या मुलाला पुरणारा फोम पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईखाली लवकर दबतो. बाजूला सुरकुत्या पडल्या, बूट एका अंगाला कलला किंवा संध्याकाळी टाचा दुखू लागल्या तर फोम बसला असं समजा. ऑफिसला जाऊन खुर्चीत बसणारीला हे चालून जातं. तीन-चार मिलिमीटरचा मोठ्यांचा इनसोल कापून आत घातला की आणखी बरं, आतली मोकळी पोकळीही भरते. पण दुकानात किंवा वॉर्डात दिवसभर उभं राहायचं असेल, किंवा तुम्ही पळायला जात असाल, तर मुलांचे बूट टाळा आणि बायकांचा लहान नंबर शोधा. गोदामात किंवा कारखान्यात सेफ्टी बूट लागत असतील तर ते मालकाने मोफत द्यायचे असतात आणि ते तुमच्या पायाला बसणारे हवेत. तुमचा नंबर कामाला लागण्याआधीच सांगा, म्हणजे मागवता येतो.

पावसाळी गमबूट मुलांचे छान चालतात, फक्त नळी पिंढरीला घट्ट होत नाही ना ते बघा. घोट्याच्या वर जाणारे हिवाळी बूट मात्र मोजकेच बसतात. पाऊल बरोबर असतं आणि चेन वर जात नाही, कारण नळी मुलाच्या पायासाठी असते. तिथे घोट्यापर्यंतचा नाडीचा बूट शोधलेला बरा.

खर्चातही फरक पडतो. मुलांच्या बुटांवर ठरावीक नंबरांपर्यंत व्हॅट लागत नाही, मोठ्यांच्या बुटांवर वीस टक्के लागतो. शाळेचे बूट जुलैपासून दुकानात भरायला लागतात. ऑगस्टच्या शेवटी तिथे पालकांची झुंबड असते, तेव्हा जाऊ नका. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. उरलेला माल स्वस्त झालेला असतो आणि माप घेणाऱ्यांना वेळ असतो. मापाला बसतानाच स्पष्ट सांगा की बूट मुलीसाठी नाही, माझ्यासाठी आहे. नाहीतर ते वाढत्या पायासाठी जास्तीची जागा धरून मोठा नंबर काढून देतात. मुलांच्या बुटांत रुंदीचीही अक्षरं असतात, एफ, जी, एच, अशी वाढत जाणारी. चवडा दाबला जात असेल तर लांबीचा नंबर वाढवू नका, रुंदीचं अक्षर वाढवा.

घालून बघताना आतला सुटा इनसोल बाहेर काढून त्यावर उभ्या राहा. पाय बाहेर ओघळला तर बूट अरुंद आहे आणि पुढे अंगठ्याएवढी रुंद जागा उरली तर लांब. मग बूट घालून टाचा उचला आणि चवड्यावर उभ्या राहा. जिथे तुमचा पाय दुमडतो तिथेच बुटाला घडी पडली पाहिजे.

ऑनलाइन घेतलेला माल मिळाल्यापासून चौदा दिवसांत परत करायचा आहे असं कळवता येतं, म्हणून शेजारचे दोन नंबर मागवून एक ठेवणं इथे नेहमीचं आहे. घरात गालिच्यावरच चालून बघा, सोलला रस्त्याची धूळ लागली की परत घ्यायला कुरकुर होते. परतीचा टपालखर्च कुणाचा ते आधी वाचा. दुकानातून प्रत्यक्ष घेतलेला चांगला जोड नुसता बसत नाही म्हणून परत घेण्याचं बंधन दुकानावर नसतं. बरीच दुकानं घेतात, पण ती त्यांची मर्जी, तेव्हा पावती जपा.

उंच टाचेचे बूट लग्नासमारंभाला हवे असतील तर मुलांच्या विभागात ते मिळायचे नाहीत. त्यासाठी भारतातून येतानाच एक जोड आणा. पावसाळी, हिवाळी आणि रोजचे बूट मात्र इथेच घ्या. तिकडे मिळणारा सोल इथल्या ओल्या, गोठलेल्या फुटपाथसाठी सहसा केलेला नसतो.