इंटर्नशिपच्या अहवालातून विभागाच्या सेमिनारसाठी दहा मिनिटांचे भाषण कसे तयार करावे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर गोव्यातील महाविद्यालयांत इंटर्नशिप हा पदवीचाच भाग झाला आणि तिच्या शेवटी विभागात दहा मिनिटे बोलण्याची वेळ बहुतेक विद्यार्थ्यांवर येऊ लागली. अशी भाषणे मी बरीच वर्षे ऐकत आणि तयार करून घेत आलो आहे. विद्यार्थ्यांना हमखास दिला जाणारा सल्ला असा असतो : अहवालाच्या प्रत्येक प्रकरणाची एक स्लाइड करावी, म्हणजे काही सुटत नाही. हा सल्ला चुकीचा आहे. त्याने निष्कर्ष सोडून बाकी सर्व काही सांगितले जाते.

अहवाल पूर्ण झाला आहे, मार्गदर्शकांनी तो पाहिला आहे आणि जिथे काम केले त्या संस्थेकडून आकडे दाखवण्याची परवानगी मिळाली आहे, असे मी गृहीत धरतो. दहा मिनिटांत प्रश्नोत्तरे धरली आहेत का, एवढे मात्र विभागात आधी विचारून घ्यावे. धरली असतील तर भाषण आठ मिनिटांचेच असते.

पुढील उदाहरण पर्यावरणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे आहे. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडे आणि तपशील थोडे बदलले आहेत. तिने उन्हाळ्यात खाजन शेतीतील पाण्याची क्षारता मोजली होती. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेती ज्या दरवाजावर अवलंबून असते त्याला आपण मानस म्हणतो. ओहोटीला आतले पाणी मानसाच्या फळ्या ढकलून बाहेर जाते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याच फळ्या मिटतात. तिचा अहवाल ४६ पानांचा होता आणि त्यात संस्थेची ओळख, उद्दिष्टे, पूर्वसंशोधनाचा आढावा, उपकरणे, निरीक्षणे, ११ आलेख, निष्कर्ष आणि शिकलेली कौशल्ये असे सर्व काही होते.

खरी अडचण पहिल्याच टप्प्यावर येते आणि तिथे मी स्वतः अडलो होतो. माझ्या विद्यार्थिदशेतील पहिल्या सेमिनारमध्ये मी अहवालाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे बोललो. संस्थेची ओळख आणि उपकरणांची माहिती यांत सात मिनिटे गेली, आठव्या मिनिटाला घंटा वाजली आणि ज्या आलेखासाठी मी दोन महिने काम केले होते तो मी पडद्यावर जेमतेम दाखवून पुढे सरकवला. त्यानंतर कोणी एकही प्रश्न विचारला नाही, कारण विचारण्यासारखे मी काही सांगितलेच नव्हते. मी फार सावकाश बोललो असे त्या वेळी मला वाटले होते. प्रत्यक्षात दोष वेगाचा नसून क्रमाचा होता. अहवालाचे काम, आपण सर्व कामे नीट केली, हे परीक्षकाला पटवणे असते, म्हणून त्यात निष्कर्ष शेवटी येतो. भाषणाचे काम एक गोष्ट श्रोत्याच्या हाती देणे असते, त्यामुळे त्यातील बाकी सर्व काही त्या एका गोष्टीच्या मागे उभे राहावे लागते.

ती गोष्ट शोधण्यासाठी अहवाल मिटून ठेवावा आणि एका कोऱ्या कागदावर एकच पूर्ण वाक्य लिहावे. या विद्यार्थिनीचे पहिले वाक्य होते, ‘मी खाजनातील पाण्याच्या क्षारतेचा अभ्यास केला.’ हे वाक्य चालणार नाही. माझी कसोटी सोपी आहे : समोरचा माणूस त्या वाक्याला ‘नाही, तसे नसेल’ असे म्हणू शकतो का? अभ्यास केला हे कोणी नाकारणार नाही, म्हणून त्यातून भाषणही उभे राहत नाही. दुसरे वाक्य होते, ‘खाजनातील क्षारता भरतीनुसार बदलते.’ हे नाकारता येते, पण ते खोलीतील प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. तिसऱ्या प्रयत्नात ती म्हणाली, ‘या मानसाच्या फळ्या भरतीला नीट मिटत नाहीत, म्हणून दोन तासांत आतले पाणी खारे होते.’ या वाक्यात ठिकाण आहे, कारण आहे, वेळ आहे आणि त्याला हरकत घेता येते. इथपर्यंत यायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. इतका वेळ लागतो हे आधीच मान्य करावे आणि हे वाक्य तयार होईपर्यंत स्लाइडचे सॉफ्टवेअर उघडू नये. एकदा स्लाइड सजवून झाली की ती गाळण्याचे धैर्य होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

वाक्य ठरल्यावर अहवाल उघडावा आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारावा : हे पान काढले तर माझे वाक्य पडते का? पडत नसेल तर पानावर काट मारावी. संस्थेची ओळख काढली तरी वाक्य उभे राहते, म्हणून ती एका उपवाक्यापुरती उरते. पूर्वसंशोधनाचा आढावाही जातो. अकरा आलेखांपैकी दहा जातात, आणि विद्यार्थी इथेच सर्वांत जास्त विरोध करतात. त्यांना वाटते की मेहनत दिसणार नाही. मी या बाबतीत मुळीच सवलत देत नाही, कारण अकरा आलेखांना मिनिटभर दिले तरी वेळ पुरत नाही आणि अर्ध्या मिनिटात आलेखाचे अक्षदेखील वाचून होत नाहीत.

तिच्याकडे जो आलेख उरला त्यात तीन रेषा होत्या : मानसाच्या बाहेरील पाणी, मानसाला लागून आतले पाणी आणि आतच शंभर मीटरवरील पाणी. मोजमाप एका रात्रीच्या भरतीचे, दर अर्ध्या तासाचे होते. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; बाहेर ही मात्रा २९ पर्यंत गेली, मानसाजवळ आत ती दोन तासांत १२ वरून १७ झाली आणि शंभर मीटरवर जेमतेम १ ने वाढली.

हाच आलेख ठेवण्याचे कारण नीट समजून घ्यावे, कारण निवडीचे तत्त्व त्यात आहे. तिच्या वाक्यावर दोन हरकती येणार हे उघड होते. पहिली अशी की पाणी फळ्यांतून नव्हे तर बांधातून झिरपत असेल. खेकडे बांध पोखरतात हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही. पण ज्या बांधालगत दोन्ही जागा होत्या तो सर्वत्र झिरपत असता तर दोन्ही ठिकाणी क्षारता बरोबरच चढली असती. इथे ती मानसाजवळ चढली. दुसरी हरकत अशी की उन्हाने पाणी आटून ते खारे होत असेल. मोजमाप रात्रीचे असल्याने ती तिथेच संपते. ज्या आलेखात मुख्य विधान दिसते आणि त्यावरील हरकतींचे उत्तरही असते, तो ठेवावा. नुसता देखणा असणारा आलेख अहवालातच राहू द्यावा.

आता रूपरेषा. ती भाषण ज्या भाषेत होणार त्याच भाषेत, एका कागदावर लिहावी आणि प्रत्येक भागापुढे मिनिटे टाकावीत. तिची रूपरेषा अशी होती :

० ते १ : भरतीच्या रात्री मानसापाशी काय दिसले, मुख्य वाक्य.
१ ते २½ : कुठे, कशाने आणि किती वेळाने मोजले.
२½ ते ५½ : आलेख. आधी अक्ष, मग बाहेरची रेषा, मग आतल्या दोन.
५½ ते ७ : दोन हरकती आणि त्यांची उत्तरे.
७ ते ८ : मर्यादा, मुख्य वाक्य पुन्हा.
उरलेली दोन मिनिटे : प्रश्न.

मुख्य वाक्य पहिल्याच मिनिटात सांगावे. ‘शेवटपर्यंत उत्सुकता ठेवा’ हा सल्ला या प्रकारच्या भाषणाला घातक आहे, कारण आलेख कशासाठी पाहायचा हे ठाऊक नसेल तर श्रोता तो पाहत नाही. मर्यादांचा भाग वेळ वाचवण्यासाठी गाळू नये. तिची मोजमापे फक्त एप्रिल-मे महिन्यांतील आणि एकाच मानसाची होती. पावसाळ्यात नदीला गोडे पाणी आले की चित्र बदलते आणि त्याबद्दल ती काही सांगू शकत नव्हती. हे तिने स्वतः सांगितल्यामुळे प्रश्नांचा वेळ दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचे झाल्यास कसे मोजावे, या चर्चेला मिळाला.

रूपरेषेत पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि एका भागातून दुसऱ्यात नेणारी वाक्ये तेवढी पूर्ण लिहावीत. बाकीचे शब्द सुचतात. अडखळायला होते ते सांध्यांवर.

स्लाइड पाच पुरेत : नकाशा, पद्धत, आलेख, हरकती आणि मर्यादा.

सराव उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा करावा. मी स्वतः मिनिटाला सुमारे शंभर शब्द बोलतो. आपला वेग एक पान मोठ्याने वाचून मोजावा. शिवाय रूपरेषेत एक खूण करावी : पाचव्या मिनिटाला आलेखाच्या तिसऱ्या रेषेपर्यंत पोहोचलो नसेन, तर उन्हाची हरकत सोडून द्यायची. कुठे कापायचे हे आधी ठरले नसेल तर घाईत नेहमी निष्कर्षच कापला जातो.

हँडआउट म्हणजे स्लाइडची छापील प्रत नव्हे. ते ए-४ आकाराचे एकच पान असावे. त्यावर वर नाव, विभाग, तारीख आणि मुख्य वाक्य. त्याखाली तोच आलेख, पडद्यावरच्यापेक्षा सविस्तर. त्याखाली आलेखामागील आकड्यांचे कोष्टक. आणि शेवटी भाषणात न मावलेली पद्धतीची माहिती, म्हणजे क्षारतामापक कोणता, तो कशाने आणि किती वेळा प्रमाणित केला, आणि मोजण्याच्या जागा कोणत्या. गाळलेल्या पानांतील जे खरोखर कामाचे असते त्याची जागा ही आहे, आणि हे कळल्यावर विद्यार्थी दहा आलेख सोडायलाही तयार होतात.

हँडआउट भाषणानंतर वाटावे, नाहीतर लोक वाचत बसतात, असे सांगितले जाते. पानावर परिच्छेद लिहिले असतील तर ते खरेही आहे. पण पान आलेखाचे आणि कोष्टकाचे असेल तर ते आधीच वाटावे, कारण खिडक्यांतून उजेड येणाऱ्या वर्गात पडद्यावरच्या पातळ रेषा मागच्या बाकावरून दिसत नाहीत, आणि ‘पानावरची तिसरी रेषा पाहा’ असे म्हटले की सर्वांची नजर एकाच ठिकाणी जाते. त्यासाठी पडद्यावर आणि पानावर रेषांची नावे अगदी एकसारखी ठेवावीत. प्रती बहुधा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघतात आणि त्यात लाल, निळी व हिरवी या तिन्ही रेषा सारख्याच करड्या दिसतात, म्हणून एक रेषा सलग, एक तुटक आणि एक ठिपक्यांची काढावी आणि सगळ्या प्रती काढण्यापूर्वी एक प्रत काढून हातभर अंतरावरून वाचून पाहावी.