राइट-लिनियर ग्रामर ते ऑटोमेटा आणि परत: या चुका टाळा

एक छोटं ग्रामर घेऊ, नेहमी होणाऱ्या बऱ्याचशा चुका याच्यावरच दिसतात.

```
S -> aS | bA
A -> abS | bA | b
```

नियम साधा आहे: प्रत्येक नॉनटर्मिनलची एक स्टेट, S ही स्टार्ट स्टेट, आणि `S -> bA` म्हणजे S पासून A कडे b चा बाण. इथपर्यंत कोणीच चुकत नाही, गडबड होते ती दुसऱ्या ओळीत.

सगळ्यात जास्त चुकतं ते `A -> b`. यात b नंतर नॉनटर्मिनलच नाहीये, मग बरेच जण "A वर संपतंय ना" म्हणून A लाच फायनल करून टाकतात. आता तपासून बघा, A फायनल असेल तर नुसतं `b` दिलं की मशीन S वरून A वर जाऊन हो म्हणणार, पण ग्रामरमधून `b` निघतच नाही, तिथे सगळ्यात लहान स्ट्रिंग `bb` आहे. A वर पोचल्यावर अजून एक b वाचायचा बाकी असतो, म्हणून वेगळी नवीन स्टेट F काढायची, A पासून F कडे b चा बाण द्यायचा, आणि फायनल फक्त F. A स्वतः फायनल कधी होते, तर ग्रामरमध्ये `A -> ε` असेल तेव्हाच. आणि नवीन स्टेट नको म्हणून तो बाण S कडे वळवून S ला फायनल केलं तर आणखी वाट लागते, रिकामी स्ट्रिंग पण चालायला लागते आणि `bba` सुद्धा.

मग `A -> abS`. एका बाणावर `ab` लिहून मोकळं व्हायचं नाही, साध्या एनएफएमध्ये एका बाणावर एकच अक्षर (किंवा ε) असतं. मध्ये एक स्टेट टाकायची, M म्हणू, A पासून a ने M, M पासून b ने S. आणि ग्रामरमध्ये अशी लांब प्रॉडक्शन्स दोन-तीन असतील तर प्रत्येकाची मधली स्टेट वेगळी ठेवा. एकच M सगळीकडे वापरली तर एका प्रॉडक्शनने आत शिरून दुसऱ्याने बाहेर पडता येतं, आणि भलत्याच स्ट्रिंग्स पास होतात.

आता A पासून b चे दोन बाण झाले, एक A वरच आणि एक F कडे. हे बघून काही जण घाबरून एक पुसतात, प्लीज पुसू नका. हा एनएफए आहे, चालतं. A वरचा लूप काढला तर `bbb` पास होत नाही, F कडचा काढला तर एकही स्ट्रिंग पास होत नाही. डीएफएच हवा असेल तर सबसेट कन्स्ट्रक्शन नंतर वेगळं करा, दोन्ही कामं एकत्र केली की चूक कुठल्या पायरीत झाली तेच कळत नाही.

चेक करायला `babbb` घ्या. मशीनमध्ये S, A, M, S, A, F. ग्रामरमध्ये S, bA, babS, babbA, babbb. जुळलं. `bab` मात्र S वर येऊन थांबते आणि S फायनल नाही, म्हणून नाकारली, ग्रामरमध्येही ती `babS` वरच अडकते. पास होणाऱ्या स्ट्रिंग्सच तपासल्या तर A फायनल करण्याची चूक सापडत नाही, नाकारल्या जाणाऱ्या पण बघायलाच लागतात.

उलटं जाताना प्रत्येक बाणाचं एक प्रॉडक्शन होतं, जिथून बाण निघतो ती स्टेट डावीकडे:

```
S -> aS | bA
A -> aM | bA | bF
M -> bS
F -> ε
```

इथे शेवटची ओळच हमखास विसरतात. ती नसेल तर F कधी जातच नाही, आणि ग्रामरमधून एकही पूर्ण स्ट्रिंग निघत नाही. उत्तर मूळ ग्रामरसारखं दिसत नाही म्हणून खोडू पण नका, M च्या जागी `bS` आणि F च्या जागी ε ठेवा, मूळ ग्रामर जसंच्या तसं परत मिळतं. F इथे काढून टाकता येते कारण तिच्यातून बाहेर एकही बाण जात नाही. बाहेर बाण असतील तर F च्या जागी नुसतं ε ठेवून चालत नाही, आणि स्टार्ट स्टेटच फायनल असेल तर `S -> ε` लिहायलाच लागतं, नाहीतर रिकामी स्ट्रिंग हरवते.

अजून एक, सुरुवात करायच्या आधी नॉनटर्मिनल सगळीकडे उजव्या टोकालाच आहे ना ते बघून घ्या. हे बघा:

```
S -> aA | ε
A -> Sb
```

प्रत्येक ओळीत नॉनटर्मिनल एकच, त्यामुळे पटकन चालून जाईल असं वाटतं, पण पहिली ओळ राइट-लिनियर आहे आणि दुसरी लेफ्ट-लिनियर. यातून जितके a तितकेच b अशा स्ट्रिंग्स निघतात, आधी सगळे a मग सगळे b, आणि ही भाषा रेग्युलरच नाही. म्हणजे इथे कितीही स्टेट वाढवल्या तरी फायनाइट ऑटोमेटा बनणार नाही, तेव्हा बाण काढत बसू नका.