आरडीएल आणि लायिंग लेग कर्ल: या चुका टाळा

"आरडीएल करतो ना, मग लेग कर्ल कशाला?" जिममध्ये हा प्रश्न हमखास येतो, आणि पहिली चूक याच समजुतीत आहे. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचे स्नायू. त्यांचे बहुतेक भाग बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात, म्हणजे दोन सांधे ओलांडतात. आरडीएलमध्ये, म्हणजे रोमानियन डेडलिफ्टमध्ये, गुडघा जवळपास सरळ राहतो आणि शरीर खुब्यातून पुढे वाकतं, त्यामुळे स्नायू पूर्ण ताणलेला असतानाच त्याच्यावर सर्वाधिक भार येतो. वर उभं राहिलात की भार जवळपास संपतो. पालथं झोपून करायच्या लायिंग कर्लमध्ये खुबा सरळ असतो आणि गुडघा वाकतो, म्हणून स्नायू आखूड होत असताना काम करतो. शिवाय हॅमस्ट्रिंगपैकीच एक असलेल्या बायसेप्स फेमोरिसचा छोटा भाग फक्त गुडघाच ओलांडतो. त्याला आरडीएलमधून फारसं काही मिळत नाही.

आता नेहमी दिसणारा प्रकार घ्या. बारवर ६० किलो, प्लेट जमिनीला टेकवायचा हट्ट, आणि सेटनंतर तक्रार एकच: मांडीमागे काहीच जाणवत नाही, कंबर मात्र भरून येते. बाजूने व्हिडिओ काढला की कारण दिसतं. बार गुडघ्याखाली गेला की गुडघे पुढे सरकतात. गुडघा वाकला की हॅमस्ट्रिंगचं खालचं टोक सैल पडतं, म्हणजे ज्यासाठी खाली गेलो तो ताणच जातो. त्यातूनही आणखी खाली जायचं तर पाठ गोल होते. वजन ४० वर आणा. गुडघे सुरुवातीलाच जरासे वाकवा आणि तिथेच ठेवा. बार मांडीला घासत, तीन सेकंद मोजत, पार्श्वभाग मागे ढकला. तो मागे जायचा थांबला की तुमचा तळ आला, मग बार नडगीच्या मध्यावर असो की त्याच्याही वर. जमिनीशी आपलं काही देणंघेणं नाही.

कर्लमध्ये उलटा घोटाळा होतो. वजन जड झालं की पार्श्वभाग बाकावरून उचलला जातो. शरीर यात हुशारीच करतं: खुबा वाकवून स्नायूला थोडी लांबी परत मिळवून देतं. पण मग कंबर ताणली जाते, व्यायामही बदलतो. खुबा बाकाला दाबून ठेवता येईल इतकंच वजन लावा. गुडघा मशीनच्या आसाच्या रेषेत आणि पॅड टाचेच्या जरा वर हवा. शेवटच्या टप्प्यात मांडीमागे गोळा येत असेल तर घाबरू नका. आखूड झालेल्या स्नायूत जोर कमी उरतो आणि तो आवळतो, इतकंच. वर झटका न देता एक सेकंद थांबा आणि वजन सावकाश सोडा. मांडीमागे वाढ हेच मुख्य ध्येय असेल आणि बसून करायचं कर्ल मशीन उपलब्ध असेल, तर मी तेच निवडेन: तिथे खुबा वाकलेला असल्याने हॅमस्ट्रिंग अधिक लांबीवर काम करतो.

आरडीएलनंतर दोन दिवस मांडी दुखणं नेहमीचंच. पण बसताना टेकणाऱ्या हाडापाशी नेमक्या जागी टोचत असेल, तर खोली कमी करा, काही दिवस हलका कर्ल ठेवा, आणि तरी थांबलं नाही तर फिजिओला दाखवा.