ब्लॉक की पेन्सिल? आधी पट्टी घेऊन हील मोजा

दुकानात आपण हील किती इंच आहे ते विचारतो. चवड्याला त्या आकड्याशी देणंघेणं नसतं. टाच चवड्यापेक्षा किती वर बसते, यावर त्याचं दुखणं ठरतं.

१. उतार काढा. बूट टेबलावर ठेवा. मागच्या बाजूला टेबलापासून हील संपते तिथपर्यंत पट्टीने मोजा. मग चवड्याखालच्या सोलची जाडी मोजून ती वजा करा. माझी रोजची ब्लॉक हील ७ सेंटिमीटर आहे आणि पुढचा सोल २, म्हणजे उतार ५. लग्नाकार्यातली पेन्सिल हील ५.५ आणि सोल अर्धा, म्हणजे उतार पुन्हा ५! दिसायला एक उंच, एक बुटकी; पण चवड्याला दोन्ही सारख्याच. अनवाणी उभं असताना निम्म्याहून जास्त भार टाचेवर असतो. उतार वाढला की तो पुढे सरकतो, आणि त्यातही अंगठ्याच्या बाजूला. अंगठा किंवा शेजारच्या बोटाच्या मुळाशी घट्टा पडलाय का, दुपारनंतर तिथे जळजळ होते का, ते बघा. तसं असेल तर आधी उतार कमी करा. हीलचा आकार बदलून भागणार नाही.

२. मग डगमग बघा. पेन्सिल हीलचं टोक जेमतेम सेंटिमीटरभर असतं, त्यामुळे घोटा आत-बाहेर वळतो. हीलच्या तळाचं रबर एकाच कडेला झिजलं असेल तर पाय कलतोय. चांभाराकडून ते वेळेत बदलून घ्या. डुगडुगणारा घोटा ब्लॉक हील बराचसा सावरते. एवढंच. गुडघ्याला तिचा आधार नाही: संशोधक केसी केरिगन यांच्या गटाने २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की रुंद हीलनेही गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण वाढतो, अगदी अरुंद हीलसारखाच.

३. बाजूने फोटो काढून घ्या. एक अनवाणी, एक बूट घालून. उतारावर शरीर पुढे झुकू पाहतं. ते सावरायला कुणी गुडघे किंचित वाकवतं, कुणी धड मागे नेतं. हीलने कमरेचा बाक वाढतोच असं सरसकट म्हणतात, पण मोजमापात तो सगळ्यांचा वाढत नाही. म्हणून स्वतःचा फोटो बघा, विशेषतः गुडघे.

४. एकदम सपाट चप्पल घालू नका. वर्षानुवर्षं हील घातलेल्यांच्या पोटरीचे तंतू आखूड झालेले असतात, आणि सपाट चपलेत टाचेमागची शीर ओढली जाते. मी दर दोन-तीन आठवड्यांनी सेंटिमीटरभर उतार कमी केला. सोबत भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची, अर्धा मिनिट, दोन्ही पायांनी.

नवा जोड संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. आणि दुकानात चार पावलं चालून बघण्यापेक्षा दहा मिनिटं नुसतं उभं राहा, विक्रेता कंटाळला तरी.