पीआयपी हातात पडल्यावर या चुका टाळा

समोर मॅनेजर, बाजूला एचआर, स्क्रीनवर साठ दिवसांचा पीआयपी, म्हणजे काम सुधारण्यासाठी दिलेली लेखी मुदत आणि टार्गेट, आणि वर आग्रह, "आत्ताच ॲक्नॉलेज करून टाक." पुण्यातल्या आयटीवाल्यांना हे दृश्य सांगायची गरज नाही. सुधारणा खरंच हवी असेल तर त्या कागदात ट्रेनिंग, मदतीला एखादा सीनिअर, आढाव्याच्या तारखा असं काहीतरी असतं. नुसते आकडे आणि शेवटी "अन्यथा सेवा समाप्त" एवढंच असेल, तर तुम्हाला दार दाखवलं जातंय असं धरून चाला.

तिथल्या तिथे सहीवरून भांडू नका. सही नाकारली की "सहकार्य केलं नाही" अशी नोंद होते. मुकाट्याने केली की सगळं मान्य. सही करा आणि वर लिहा, "प्रत मिळाली. मजकूर मान्य आहे असा याचा अर्थ नाही, लेखी उत्तर देत आहे." पोर्टलवर लिहायला जागा नसेल तर हेच वाक्य त्याच दिवशी मेलने पाठवा.

खरा घोळ होतो तो उत्तरात. रात्री अकरा वाजता लिहिलेला, "माझ्यावर अन्याय होतोय, मॅनेजर सुरुवातीपासून माझ्या मागे लागलेत" असा मेल एचआर शांतपणे फाइलला लावतं, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. प्रत्येक टार्गेटला तीनच प्रश्न विचारा: हा आकडा कुठून आला, तो गाठणं माझ्या हातात किती आहे, आणि मोजणार कोण व कशावरून?

समजा, एका सपोर्ट इंजिनिअरला तीन टार्गेट दिलीत: आठवड्याला 45 तिकिटं बंद करायची, एकही तिकीट रीओपन व्हायला नको आणि "ओनरशिप वाढवावी". सगळ्यांना दिसणाऱ्या डॅशबोर्डवर टीमची सरासरी 28 आहे. तिच्याकडची बरीच तिकिटं डेटाबेस टीमच्या मंजुरीसाठी दोन-दोन दिवस अडकतात. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये शेरा होता "अपेक्षेनुसार". जूनमध्ये मॅनेजर बदलले. मेल ती इंग्रजीतच लिहील, पण मजकूर साधारण असा हवा:

"टार्गेट 1: गेल्या तीन महिन्यांत टीमची सरासरी आठवड्याला 28 आहे. 45 हा आकडा कशावरून ठरला आणि याच कामासाठी इतर कोणाला लागू आहे का, ते कळवावे. मंजुरीसाठी थांबलेली तिकिटं वगळून आठवड्याला 30 बंद करायला मी तयार आहे. टार्गेट 2: ग्राहकाने नवी मागणी जोडल्यानेही तिकीट रीओपन होते. फक्त माझ्या चुकीमुळे झालेले रीओपन मोजावेत. टार्गेट 3: ओनरशिप कशावरून मोजणार, ते लिहून द्यावे. एप्रिलचा शेरा 'अपेक्षेनुसार' होता; त्यानंतर नेमकं काय कमी पडलं, त्याची तारखेसह उदाहरणं द्यावीत. अपडेट उशिरा टाकल्याची तक्रार मला मान्य आहे. यापुढे रोज संध्याकाळी सहापर्यंत अपडेट टाकेन."

यात तिने 30 चा आकडा स्वतःहून दिलाय. पर्याय न देता नुसती हरकत घेतली, तर तो सरळ नकार म्हणून वाचला जातो. आणि खरी चूक कबूल केल्याने बाकीच्या हरकतींना वजन येतं. हा मेल दोन-तीन कामाच्या दिवसांत मॅनेजरला, एचआरला सीसी ठेवून जावा. सीईओला सीसी करण्याचा मोह आवरा.

त्यानंतर बहुतेक जण ढिले पडतात. दर आठवड्याच्या कॉलवर "बरं चाललंय" ऐकायला मिळतं आणि शेवटच्या अहवालात "सुधारणा नाही" येतं. म्हणून कॉल संपला की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका: किती तिकिटं बंद झाली, किती कशासाठी अडकली, तुम्ही काय म्हणालात, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. उत्तर आलं नाही तरी चालेल, तारीख लागते.

पुरावा जमवताना एक सापळा आहे. कंपनीच्या फाइल किंवा ग्राहकाचा डेटा स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड केला, तर पीआयपी बाजूला राहतो आणि डेटा बाहेर नेल्याचा ठपका बसतो. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं ही तुमची कागदपत्रं जवळ असू द्या. बाकीच्या मेलच्या तारखा आणि विषय वहीत उतरवा.

आणि मीटिंगमध्येच राजीनामा टाइप करू नका. "काढलं तर रेकॉर्ड खराब होईल, आत्ता दिलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल" असं सांगतील. पण "वैयक्तिक कारणास्तव" असं एकदा लिहिलंत, की पुढे जबरदस्ती झाली हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. कायद्याच्या व्याख्येत तुम्ही कामगार असाल आणि वर्षभर सलग नोकरी झाली असेल, तर कपातीत एक महिन्याची नोटीस व दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मिळते. स्वेच्छेच्या राजीनाम्यात ती मिळत नाही. पदनामात "लीड" आहे म्हणून तुम्ही आपोआप त्या व्याख्येबाहेर जात नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते पाहिलं जातं. हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्या. जायचंच ठरलं, तर नोटीस पिरिअडचा पगार, उरलेल्या रजांचे पैसे आणि अनुभवपत्रातला मजकूर मेलवर आल्यानंतरच राजीनामा पाठवा.