फुटबॉलवाले फुटसाल खेळताना हमखास करतात त्या चुका, या टाळा

अकरा जणांचं फुटबॉल खेळून आलेली मंडळी पायात स्किल असूनही फुटसालमध्ये, म्हणजे छोट्या कोर्टवरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलमध्ये, मॅच घालवतात, आणि बहुतेक वेळा नडतो तो फाउलचा हिशोब. मोठ्या ग्राउंडवर कोणी सुटला की मिडफिल्डलाच हळूच जर्सी ओढायची, फार तर पिवळं कार्ड मिळतं आणि अटॅक थांबतो. ती सवय इथे आणू नका.

फुटसालमध्ये ज्याला डायरेक्ट फ्री किक किंवा पेनल्टी मिळते असा प्रत्येक फाउल टीमच्या नावावर चढतो, मग तो कोणीही करो, कुठेही करो. एका हाफमध्ये पाचपर्यंत भिंत उभी करता येते. सहाव्यापासून मात्र दर डायरेक्ट फ्री किकला भिंत नाही, समोर फक्त गोलकीपर.

समजा तुम्ही 2-1 ने पुढे आहात, हाफ संपायला 3 मिनिटं आहेत, पाच फाउल झालेत. समोरचा हाफवे लाइनजवळ गोलकडे पाठ करून उभा, त्याच्यापुढे तुमचे तीन जण, म्हणजे धोका शून्य, आणि तुमचा एकजण त्याला मागून ढकलतो. झालं, बॉल गोलपासून 10 मीटरच्या मार्कवर आणि थेट शॉट. वर बॉल डेड झाला की घड्याळही थांबतं, त्यामुळे ती 3 मिनिटं संपता संपत नाहीत. म्हणून चौथ्या फाउललाच बेंचवरून ओरडून सांगा, आणि पाचव्यानंतर टॅकल विसरा, पाय जमिनीवर ठेवून फक्त वाट अडवा. हाफटाइमला आकडा शून्य होतो, पण एक्स्ट्रा टाइम झाला तर दुसऱ्या हाफचे फाउल पुढे चालू राहतात.

यातले कितीतरी फाउल बॉलमुळे होतात हे कोणी लक्षातच घेत नाही. फुटसालचा बॉल 4 नंबरचा, वजन 400 ते 440 ग्रॅम, म्हणजे छोटा असूनही जवळपास 5 नंबरइतकाच जड, पण उसळी कमी. 2 मीटरवरून सोडला तर 50 ते 65 सेंटीमीटरच उडायला हवा, जास्त उडाला तर हवा जास्त आहे किंवा बॉलच चुकीचा आहे. 5 नंबरवर प्रॅक्टिस करून आलात की टच लांब जातो, मग तो परत घ्यायला उडी मारता आणि फाउल. तळव्याने बॉल दाबून थांबवायची सवय लावा.

बॉल साइडलाइनबाहेर गेला की थ्रो-इन नाही, किक-इन. बॉल लाइनवर स्थिर ठेवायचा आणि मारायला तयार झालात की 4 सेकंद, उशीर झाला तर किक-इन समोरच्यांना. थेट गोलमध्ये मारला तर गोल धरत नाहीत, कोणाला तरी लागून जायला हवा.

सबस्टिट्यूशन हवे तितके करा, रेफरीला विचारायचीही गरज नाही, फक्त आधी आतला बाहेर आणि मगच बाहेरचा आत, तेही आपल्याच बेंचसमोरच्या 5 मीटरच्या झोनमधून. घाईत आधीच आत घुसलात तर पिवळं कार्ड आणि समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक. नशीब म्हणजे ती त्या पाचात मोजत नाहीत.