कर्ज मोठं म्हणून आधी फेडू नका: लहान-लहान देणी फेडताना होणाऱ्या चुका

आमच्या कारखान्याच्या कर्मचारी पतपेढीत मी नऊ वर्षं हिशेब बघते. कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला मी आधी बसवते आणि बाकीची देणी कुठे-कुठे आहेत ते विचारते. दोन क्रेडिट कार्डं, बँकेचं एक पर्सनल लोन, कधी मोबाईलचे किंवा फ्रीजचे हप्ते, असंच चित्र बहुतेकांचं असतं. फेडायची तयारी सगळ्यांची असते, पण क्रम उलटा लावलेला असतो आणि त्यापायी दरवर्षी हजारो रुपये जातात. मला याचा खरंच त्रास होतो, कारण हे पैसे ओव्हरटाइम करून मिळवलेले असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक: आकडा बघून क्रम लावणं

गेल्या दिवाळीनंतर मेन्टेनन्समधला एक सभासद आला. त्याचं पर्सनल लोन 1,80,000 रुपये बाकी होतं, व्याज 14 टक्के, हप्ता 6,150 आणि अजून तीन वर्षं उरलेली. एका कार्डावर 60,000 थकले होते, दुसऱ्यावर 24,000. बोनसचे 40,000 हातात आल्या आल्या त्याने ते लोनमध्ये भरून टाकले होते. "मॅडम, मोठा बोजा आधी कमी केला," असं तो समाधानाने सांगत होता.

मी कागद पुढे ओढला आणि त्याच्या हातात पेन दिलं. हा हिशेब मी स्वतः कधी करून देत नाही, समोरच्याने स्वतःच्या हाताने केला तरच तो पटतो. 1,80,000 वर वर्षाला 14 टक्के म्हणजे महिन्याचं व्याज 2,100 रुपये. मग कार्डाचं बिल उलटून मागच्या बारीक अक्षरांतला दर शोधायला लावला. तो निघाला महिन्याला साडेतीन टक्के. 60,000 वर महिन्याचं व्याज तेवढंच, 2,100 रुपये! वर कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी 378. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, कार्डाच्या व्याजावर आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. ज्याला तो लहान देणं समजत होता ते मोठ्या देण्यापेक्षा दर महिन्याला जास्त पैसे खात होतं.

त्याचे 40,000 लोनमध्ये गेल्यामुळे महिन्याचं व्याज साधारण 467 रुपयांनी कमी झालं. त्यासाठी बँकेने मुदतीआधी भरण्याचं शुल्क 4 टक्के आणि त्यावर जीएसटी असे 1,888 रुपये आधीच कापून घेतले होते. हेच पैसे कार्डांवर भरले असते तर महिन्याला सोळाशेच्या आसपास वाचले असते आणि शुल्क एक रुपयाही नाही. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

म्हणून थकलेल्या रकमेचा आकडा बाजूला ठेवा. प्रत्येक देण्यापुढे एकच गोष्ट लिहा: शंभर रुपयांमागे महिन्याला किती जातात. कार्डाला साडेतीन रुपये आणि जीएसटी, म्हणजे चार रुपये तेरा पैसे. त्या लोनला एक रुपया सतरा पैसे. ज्याच्यापुढे आकडा मोठा, ते आधी. बाकी सगळ्यांचे हप्ते आणि किमान रक्कम वेळेवर जात राहतील, आणि वरचा प्रत्येक मोकळा रुपया त्या एकाच देण्यावर. थोडं इथे, थोडं तिथे असं वाटून भरणारे मला दर महिन्याला भेटतात. त्यांना सगळीकडे थोडं हलकं वाटतं, पण महागडं कार्ड मात्र तसंच चालू राहतं.

यात एक अपवाद मी करते. दोन कार्डांच्या दरात पाव-अर्ध्या टक्क्याचाच फरक असेल तर लहान थकबाकीचं कार्ड आधी पूर्ण मिटवायचं. मनाला उभारी मिळते हे एक कारण, पण खरं कारण दुसरं आहे. कार्डावर थोडी जरी बाकी राहिली तरी व्याजमुक्त मुदत बंद होते. बाकी शून्य झाली की ती परत सुरू होते, आणि किमान एक कार्ड तरी साफ राहतं. त्याचा बोनस परत माझ्या टेबलावर आला असता तर मी 24,000 चं कार्ड एका फटक्यात मिटवलं असतं आणि उरलेले 16,000 मोठ्या कार्डावर टाकले असते. उरतात 44,000. घरखर्च आणि लोनचा हप्ता काढून त्याच्याकडे महिन्याला 12,000 निघत होते. तसे भरत गेला असता तर चार महिन्यांनी त्या कार्डावर सातशेही उरले नसते. लोनला तोपर्यंत हात लावायचा नाही, फक्त हप्ता चुकवायचा नाही.

कार्डं मिटल्यावर लोन लवकर फेडावं का? घाई करू नका. हप्त्यांत सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी जाते, शेवटच्या वर्षात व्याज फारसं उरलेलंच नसतं. तेव्हा शुल्क भरून लोन बंद करण्यात काही हशील नाही. आधी बँकेकडून उरलेल्या व्याजाचा आकडा घ्या आणि शुल्काशी ताडून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर असं शुल्क लावता येत नाही. पण बहुतेक पर्सनल लोन ठरावीक दराची असतात, म्हणून आपल्या करारात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय चेक फाडू नका.

फेडतोय त्याच कार्डावर खरेदी

ही चूक मला पहिलीपेक्षाही जास्त छळते, कारण इथे माणूस प्रामाणिकपणे फेडत असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका सभासदाला पतपेढीतून 60,000 दिले, कार्ड मिटवायला. आमचं व्याज कार्डाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नव्हतं, पगारातून कपात ठरली, सगळं रीतसर झालं. आठ महिन्यांनी त्याची बायको त्याच कार्डाची बिलं घेऊन आली. कार्डावर पुन्हा 41,000, आणि आमची कपात चालूच. "ताई, यांनी तर एकही मोठी वस्तू घेतली नाही हो," असं ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. मी पेन्सिलीने ओळीओळीवर खूण करत गेले. पेट्रोल 500, औषधं 340, मुलीच्या शिकवणीची फी, मोबाईल रिचार्ज, आपोआप कापलं जाणारं सिनेमाच्या ॲपचं शुल्क, आणि क्यूआर स्कॅन केलेल्या किराणा दुकानाच्या किती तरी नोंदी. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं होतं, त्यामुळे दुकानात स्कॅन करताना पैसे बचत खात्यातून जातात की कार्डातून, हे त्याच्या लक्षातही येत नव्हतं. भरीला दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलेली.

बाकी असलेल्या कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे जे आपण ऐकतो ते फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला. 5,000 चा किराणा महिनाभर राहिला तर दोनशे रुपये जास्तीचे गेले. आणि किमान रकमेचं म्हणाल तर 60,000 वर 3,000 भरले की त्यातले 2,478 व्याज आणि जीएसटीत जातात, मुद्दल फक्त 522 ने कमी होते. तेवढ्याची तर महिन्यात दोनदा पेट्रोलचीच खरेदी होते.

त्या दिवसापासून मी अर्जासोबत तीन गोष्टी समोर बसवून करून घेते. सगळ्या ॲपमधून साठवलेलं कार्ड काढून टाकणं, यूपीआयमधून ते कार्ड सोडवणं आणि बँकेला सांगून कार्डाची मर्यादा कमी करून घेणं. चेकही थेट कार्डाच्या खात्याच्या नावाने देते. काही तरुण सभासदांना हा जाच वाटतो. "मॅडम, कंट्रोल आहे माझा," असं म्हणणारे बरेच भेटले. मी ऐकून घेते आणि तरीही फोन पुढे करायला सांगते.

पूर्ण भरलं तरी पुढच्या बिलात व्याज कसं?

हा फोन मला दर महिन्याला येतो आणि लोक बँकेशी भांडायला निघालेले असतात. मागची बाकी असलेल्या कार्डावर व्याज रोजच्या रोज मोजलं जातं. 12,000 चं बिल 5 तारखेला निघालं आणि तुम्ही 22 तारखेला भरलंत, तर मधल्या सतरा दिवसांचं व्याज त्या बिलात आलेलं नसतं. ते पुढच्या बिलात येतं, साडेतीन टक्क्याने, जीएसटी धरून साधारण 280 रुपये. तेही भरा आणि त्याच्या पुढचं बिल शून्याचं येतंय का बघा. अनेकजण "मी तर मिटवलं" म्हणून हे बिल उघडतच नाहीत. मग त्या 280 वर उशिराचं शुल्क बसतं आणि सिबिलमध्ये थकबाकीची नोंद होते. सलग दोन बिलं शून्याची आल्याशिवाय मी कार्ड मिटलं असं धरत नाही.

मिटल्यावर कार्ड बंदच करायचं असेल तर लेखी अर्ज द्या. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यापुढे दर दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला मिळायला हवा. अर्जाची तारीख जपून ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

कार्डावरून एटीएममधून रोख काढून दुसरं कार्ड भरू नका. रोख काढण्याचं शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

सात टक्क्यांची मुदत ठेव सांभाळत बसून कार्डाचं व्याज भरू नका. दोन-तीन महिन्यांच्या खर्चापुरते पैसे बाजूला ठेवा, उरलेली ठेव मोडा.

तारीख हुकली तर घाबरून गप्प बसू नका. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँक उशिराचं शुल्क लावू शकते आणि सिबिलला कळवू शकते. त्या तीन दिवसांत भरा.

वसुलीवाला "अर्ध्यात मिटवून टाकू" म्हणाला तर हुरळून जाऊ नका. सिबिलच्या अहवालात खातं बंद असं न दिसता सेटल्ड असं दिसतं, आणि घरकर्जाच्या वेळी तोच शब्द आडवा येतो. नोकरी गेली, आजारपण आलं, दुसरा मार्गच उरला नाही, तेव्हाच हा विचार करायचा, आणि तोही बँकेचं पत्र हातात आल्यावरच पैसे भरायचे.

मेन्टेनन्सचा तो सभासद परवा येऊन गेला. लहान कार्डाची दोन बिलं शून्याची आली होती, ती दाखवायला. मोठ्यावर अजून 19,000 आहेत. लोनमध्ये अजून थोडे भरू का, असं त्याने या वेळी विचारलं नाही.